हातभर ओल

काही धंदे असे असतात, की काम उत्तम झालं तर काहीच दिसत नाही. थेंबवाल्यांचा धंदा त्यातलाच. रंगारी भिंत रंगवून गेला की ती निळी दिसते, गवंडी भिंत बांधून गेला की ती निदान आडवी तरी येते. थेंबवाले मात्र विटांच्या आणि काँक्रीटच्या दर्शनी भिंतींवर पाण्यासारखं पातळ औषध मारत, आणि दुसऱ्या दिवशी भिंत आदल्या दिवशी होती तशीच दिसे. गिऱ्हाईक एकदा भिंतीकडे बघे, एकदा थेंबवाल्यांकडे बघे, आणि त्या बघण्यात पोलिसांना बोलवावं की कसं, हा विचार स्पष्ट दिसे.

यावर त्यांनी एक उपाय काढला होता. औषध मुरलं, की सगळ्यांना गोळा करायचं आणि मगभर पाणी भिंतीवर फेकायचं. पाण्याचे टपोरे थेंब व्हायचे आणि अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे खाली धावायचे. बायका "अय्या" म्हणायच्या, पुरुष हाताने भिंत चाचपून बघायचे, आणि बिलावर सही व्हायची. या मगामुळेच त्यांना थेंबवाले हे नाव पडलं. खरं नाव बँकेला ठाऊक होतं आणि त्यांच्या ताईला. पैकी ताई ते वापरत नसे. अंगाने दार भरून टाकणाऱ्या, साठीला टेकलेल्या या माणसाला ती अजून छोटू म्हणायची.

ताईच्या चार मजली इमारतीचं काम थेंबवाल्यांनीच केलं होतं, सहा वर्षांपूर्वी. लाल विटांची उघडी भिंत, मजल्यामजल्यावर काँक्रीटचे पट्टे. ताई रहिवाशांच्या समितीची अध्यक्ष होती, तेव्हा "भावाला काम दिलं" हे कुणी बोलायच्या आत तीच बोलून मोकळी झाली होती. त्या वेळी थेंबवाल्यांनी अंगणात उभं राहून सगळ्यांना समजावलं होतं:

"विटेत बारीक बारीक भोकं असतात. दिव्याची वात तेल ओढते तशी ती पाणी ओढतात. आम्ही ती भोकं बुजवत नाही. त्यांच्या आतल्या अंगाला अस्तर लावतो. मग पाणी ओढलं जात नाही, पण आतली वाफ बाहेर जायला वाट मोकळी राहते. यात दोन भावंडं आहेत. सिलेन धाकटं, अंगाने किरकोळ. काँक्रीट म्हणजे गच्च भरलेली गर्दी, त्यातूनही ते वाट काढत खोल जातं. सिलोक्सेन थोरलं, जाडजूड. ते फार आत जात नाही, पण वीट मोकळीढाकळी, तिथे त्याचं छान जमतं. म्हणून पट्ट्यांना नुसतं सिलेन, विटांना दोघांचं मिश्रण. भिंतीतल्या दमटपणाशी त्यांची क्रिया होते आणि ती भिंतीला कायमची चिकटतात."

"आणि हा दारूचा वास कसला येतोय?" तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं. "तुमची माणसं..."

"माणसं कोरडी आहेत. ती क्रिया होताना अल्कोहोल उडतं. भिंत पिऊन आहे म्हणा."

हे भाषण सहा वर्षांत सगळे विसरले. लक्षात राहिला तो मग.

*

शुक्रवारी ताईचा फोन आला.

"छोटू, रविवारी आमची सभा आहे. तू येऊ नकोस, हे सांगायला फोन केला."

"बरं. कसली सभा?"

"भिंतीची. माझ्या झोपायच्या खोलीत ओल आली आहे. लोक म्हणतात, थेंबवाल्यांचं औषध संपलं. पाणी मारून बघितलं, एक थेंब पळत नाही. नुसती भिंत काळी पडते. आता एक जण आलाय, तो सगळ्या दर्शनी भिंतीला रबरासारखा जाड रंग देणार आहे. छत्री म्हणतात त्या रंगाला. रविवारी सगळ्यांसमोर करार करायचा आहे."

थेंबवाले खुर्चीवरून उठले. एवढा मोठा माणूस झटक्यात उठला की खुर्चीलाही सुटकेची जाणीव होते.

"ताई, त्या विटांवर रंग देऊ नकोस."

"तुझ्या मालाची बाजू तू घेणारच."

"माझ्या मालाचं मरू दे. रंगाचा पापुद्रा बसला की आत गेलेलं पाणी आतच राहील. आणि तुझ्याकडे कुठून तरी आत जातंय, ओल आलीच आहे. पाण्याबरोबर विटेतले क्षार सरकतात. बाहेर पडायला वाट नसली की पापुद्र्याच्या मागे साठतात, त्यांचे खडे होतात, आणि ते विटेचं तोंड फोडतात. तीन-चार वर्षांत रंगासकट विटेची सालं अंगणात पडतील. आणि तो रंग मागाहून काढायचा म्हटलं, तर विटेचं कातडं सोलल्याशिवाय निघत नाही."

पलीकडे खोलीचं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"उद्या ये," ती म्हणाली. "सभेला नको, उद्या."

*

शनिवारी सकाळी दार भावोजींनी उघडलं. भावोजी म्हणजे ताईचे यजमान, सडपातळ, टापटीप, दोन वर्षांपूर्वी टपाल खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर घरात दुरुस्त्या करायचा नाद लागला, आणि न्हाणीघराचा नळ दुरुस्त करताना त्यांनी खालच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पाऊस पाडला. तेव्हापासून ताईने हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली होती.

"ये ये, छोटू. भिंत थकली असेल रे," ते दारातच म्हणाले. "भिंतींचंही वय होतं. कुणाचा दोष नसतो."

एवढा समजूतदारपणा थेंबवाल्यांना जरा चमत्कारिक वाटला. बहिणीच्या लग्नापासून हा माणूस त्यांच्याशी क्रिकेटवरूनसुद्धा भांडत आला होता.

झोपायच्या खोलीतली ओल मात्र खरी होती. खिडकीपासून सुरू होऊन बाल्कनीच्या दिशेने, गिलाव्याला फुगे, खाली पांढरी भुकटी. थेंबवाले तिच्याकडे मान वाकडी करून बघत राहिले. औषध थकलं असतं तर ओल भिंतभर पसरली असती, किंवा पावसाच्या झोताची बाजू धरली असती. ही मध्येच सुरू झाली होती आणि मध्येच संपली होती. वरची कड कमानीसारखी गोल.

"ताई, मी बाल्कनीत जातो. नळ्या लावून बघतो."

"मीही येतो," भावोजी म्हणाले. "म्हणजे, लागलं सवरलं तर."

बाल्कनीच्या कठड्यावरून ती भिंत हाताशी येत होती. थेंबवाल्यांनी पिशवीतून मळलेली पुट्टी आणि काचेच्या बोटभर नळ्या काढल्या. नळीचं एक तोंड रुंद आणि उघडं, ते पुट्टीने भिंतीला चिकटवायचं. वर उभ्या भागात पाणी भरायचं आणि रेघांवर बघायचं, भिंत किती पिते ते. एक नळी विटेवर लावली, एक काँक्रीटच्या पट्ट्यावर. दोन्हींतलं पाणी होतं तिथेच राहिलं. ओल्या बोटाने वीट पुसली तर ती काळसर झाली, थेंब काही झाला नाही. पण वाऱ्याची झुळूक येऊन गेली तशी ती परत सुकली.

"म्हणजे औषध आहे?" भावोजींनी विचारलं. आवाजात आनंद असायला हवा होता.

"आहे. वरचं कातडं उन्हाने गेलंय, त्यावर धूळ-धूर बसलाय, म्हणून थेंब होत नाहीत. ते दोन वर्षांत सगळीकडेच होतं. आतला थर शाबूत आहे. विटेचं आठ-दहा वर्षं चालतं, काँक्रीटचं त्याहून जास्त."

तिसरी नळी त्यांनी दोन विटांच्या मधल्या सांध्यावर लावली, खिडकीच्या शेजारी. पाणी ओतलं आणि ते गेलं. नुसतं गेलं. तहानलेला बैलसुद्धा मध्ये एकदा मान वर करतो.

थेंबवाले खाली वाकले. सांध्यात भरलेल्या सिमेंटच्या मसाल्याला गवंडी दर्जा म्हणतात. इथला दर्जा आजूबाजूच्यापेक्षा पांढुरका होता आणि फारच सुबक. एकसारखा, मध्ये किंचित खोलगट, कुणीतरी चमच्याच्या पाठीने प्रेमाने ओढल्यासारखा. त्यांनी खिशातलं पातळ पातं काढून दर्ज्याच्या आणि विटेच्या मध्ये लावलं. पातं लोण्यात जावं तसं आत गेलं. वरच्या कडेला, खालच्या कडेला, दर सांध्याला. नवा दर्जा विटांच्या मध्ये नुसता पाहुण्यासारखा बसला होता, कुठेही न टेकता.

मग त्यांनी त्या नव्या दर्ज्याची हद्द बघितली. कठड्यापासून सुरू होऊन खिडकीपर्यंत, वरची कड कमानीसारखी गोल. त्यांनी कठड्याला पोट टेकवून हात लांब केला. त्यांचा हात हद्दीच्या थोडा पुढे गेला. त्यांच्यापेक्षा वीतभर बुटक्या माणसाचा बरोबर तिथपर्यंत गेला असता.

त्यांनी वळून बघितलं. भावोजी आकाशातल्या पक्ष्यांचं निरीक्षण करत होते. आकाशात पक्षी नव्हते.

"भावोजी."

"केबलवाल्यांनी खिळे ठोकून सांधे फोडून ठेवले होते रे," भावोजी कुजबुजले. "मागच्या उन्हाळ्यात. मी म्हटलं, तेवढी भोकं भरू. भोकं छान जमली. मग म्हटलं, शेजारचा सांधाही जुना दिसतोय. मग हात लागला."

"हात पुरला तिथपर्यंत."

"वाईट झालंय का? दिसायला तर..."

"दिसायला माझ्या गवंड्यापेक्षा चांगलं झालंय." हे खरंच होतं. "पण भावोजी, त्या विटा पाणी पीत नाहीत. मसाला विटेला चिकटतो तो विटेने त्यातलं थोडं पाणी ओढल्यामुळे. या विटांनी तोंड फिरवलं. तुमचा मसाला आपापला सुकला, आकसला, आणि दोन्ही कडांना फट राहिली. त्यात भिंत पीत नाही म्हणजे पाऊस सगळाच्या सगळा खाली वाहतो, आणि वाटेत तुमची फट सापडली की आत शिरतो. औषधाने फट बुजत नाही. म्हणून आधी दर्जा भरायचा, मग औषध. उलट चालत नाही."

भावोजींनी स्वयंपाकघराकडे बघितलं. ताई तिकडे भांडी वाजवत होती, गरजेपेक्षा जरा जास्तच.

"तिला सांगू नकोस, छोटू. नळाच्या वेळी ती ओरडली असती तर बरं होतं. ओरडली नाही. नुसती पेटी उचलून माळ्यावर ठेवली."

थेंबवाल्यांनी नळ्या काढून पिशवीत टाकल्या.

चहा घेताना त्यांनी ताईला एवढंच सांगितलं, की वीट चांगली आहे, पाणी एका ठिकाणच्या सांध्यातून येतंय, आणि रंग दिला तर काय होईल ते फोनवर सांगितलंच आहे. कुठला सांधा, कुणी भरला, हे तिने विचारलं नाही. ताईने एखादी गोष्ट विचारू नये, हे इमारतीत प्रथमच घडत होतं.

*

गाडीच्या डिकीत औषधाचा डबा होता. थेंबवाले संध्याकाळी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले.

उपाय सोपा होता. अंगणातून हाताला येईल तेवढ्या भिंतीवर आत्ता हलका हात मारायचा. सकाळपर्यंत वरचं कातडं तयार. उद्या त्या छत्री-रंगवाल्याने मगभर पाणी फेकलं की थेंब मोत्यांसारखे पळतील, छत्रीवाला छत्री मिटून जाईल, भावोजींचं नाव निघणार नाही. खोटं तरी काय होतं त्यात? औषध खरंच, थेंब खरेच, आतला थर तर आहेच.

पण लोकांना थेंब बघायला शिकवलं कोणी होतं? या इमारतीत सगळ्यांनी आपल्या भिंतीची परीक्षा थेंबवाल्यांनी दिलेल्याच मगाने घेतली होती. परत तोच मग पास करून दाखवला, तर दोन वर्षांनी परत थेंब जातील आणि परत असाच एखादा रविवार उजाडेल. तेव्हा कदाचित ते स्वतः नसतील आणि छत्री असेल. आणि ताईच्या खोलीत पाणी येतच राहील ते वेगळंच.

त्यांनी डिकी लावली. धंद्यातल्या माणसाने तयार डावावर डिकी लावणं ही साधी गोष्ट नव्हे. त्यांना दोनदा लावावी लागली.

*

सभा अंगणातच भरली. ताईने नको म्हटलं होतं, तरी थेंबवाले नळ्यांची पिशवी घेऊन आले होते. छत्रीवाला तिशीतला, हसरा, बोलण्यात तरबेज. पाण्याचा मग त्याने घरूनच आणला होता. त्याने भिंतीवर पाणी फेकलं. भिंत काळी पडली. जमावातून जुन्या थेंबांच्या आठवणीने हळहळ व्यक्त झाली.

"संपलं," छत्रीवाला म्हणाला. "काका, तुमचं औषध चांगलं होतं हो. पण औषध म्हटलं की एक्स्पायरी आलीच."

थेंबवाल्यांनी त्याच भिंतीवर नळी चिकटवली. मग बागेच्या कडेला बांधकामापासून उरलेली, कधीच औषध न लागलेली एक वीट पडली होती, ती खुर्चीवर उभी करून तिलाही नळी लावली. दोन्हींत पाणी भरलं आणि ते बाजूला उभे राहिले.

"आता काय होणार?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"भिंतीवरच्या नळीत काही होणार नाही."

"कधी?"

"आत्ता. सगळा वेळ."

रविवारी सकाळी काही न होणं बघायला जमलेली ती पहिलीच सभा असावी. कोणीतरी जांभई दिली. कोणीतरी विचारलं, नळी तुंबली असेल का? पण हळूहळू माना खुर्चीवरच्या विटेकडे वळू लागल्या. तिथे पाणी दिसत दिसत उतरत होतं, वीट खालपर्यंत ओली होत होती. भिंतीवरचं जागच्या जागी होतं. डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि जबड्यात बघावं तसं नळीत बघितलं.

"म्हणजे वरचं इनॅमल गेलंय, पण दात पक्का आहे."

"साधारण," थेंबवाले म्हणाले. दातांचं त्यांना एवढं कळत नव्हतं, पण बाजूने बोलणाऱ्याला कोण दुरुस्त करतो?

छत्रीवाला मुळात मूर्ख नव्हता. त्याने नळी बघितली, वीट बघितली, आणि जो प्रश्न विचारायला हवा तोच विचारला.

"मान्य, काका. भिंत पाणी पीत नाही. मग अध्यक्षबाईंच्या खोलीत ओल आली कुठून?"

सगळे थेंबवाल्यांकडे बघू लागले. भावोजी डॉक्टरांच्या मागे उभे होते. ते अजून थोडे मागे झाले. थेंबवाल्यांनी तोंड उघडलं. सांध्यात फट आहे म्हणावं, तर फट कशी पडली हा पुढचा प्रश्न दारातच उभा होता.

"माझ्या खोलीतली ओल माझ्या घरची आहे," ताई म्हणाली. ती जागेवरून उठली नाही, आवाजही चढवला नाही. "बाल्कनीच्या बाजूचा दर्जा आम्ही नंतर भरला, औषध मारून झाल्यावर. चुकीच्या वेळी भरला. तो उकरून नीट भरायचा, माझ्या खर्चाने. त्या हातभर जागेसाठी अख्ख्या इमारतीला रेनकोट चढवायचा आणि चार वर्षांनी विटा सोलायच्या, हे मला नको. मी मत देते, रंग नको. तुम्ही तुमचं द्या."

"आम्ही म्हणजे कुणी भरला?" मागून कुणीतरी विचारलंच.

"आम्ही म्हणजे आम्ही. घरात दोन माणसं आहोत. मतदानाचं बोला."

हात वर झाले. रंगाच्या बाजूने तीनच, आणि त्यातला एक छत्रीवाल्याचा होता, त्याला मताचा अधिकार नव्हता.

*

दर्जा उकरायचं काम पुढच्या आठवड्यात निघालं. थेंबवाल्यांनी कुणाला पाठवलं नाही, स्वतः आले. ताई बाल्कनीच्या दारात उभी होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?" थेंबवाल्यांनी तिला विचारलं.

"भरलं त्याच दिवशी. चमच्याच्या दांड्याला सिमेंट होतं." तिने आवाज खाली आणला. "संध्याकाळी शीळ घालत घरात आले रे. ऑफिस सुटल्यापासून हा माणूस नुसता खुर्चीत बसून असायचा. मी कसं बोलणार? मग ओल आली. वाटलं, रंगाखाली सगळं झाकून जाईल. लोक तुझ्या औषधाला नावं ठेवतील, तुला काय, तू निर्ढावलेला."

"थँक्यू."

"विटा फुटतात हे मला माहीत नव्हतं. तू फोनवर सांगितलंस तेव्हा मला झोप नाही लागली. यांचं झाकायला गेले असते आणि सगळ्यांचं घर उघडं पडलं असतं."

आत माळ्यावरून काहीतरी जड खाली ओढल्याचा आवाज झाला. भावोजी हत्यारांची पेटी घेऊन दारात आले आणि ताईकडे बघत थांबले. ताईने बाजूला होऊन वाट दिली.

"अहो, पण या वेळी छोटू सांगेल तसं. चमचे स्वयंपाकघरातच राहतील."

थेंबवाल्यांनी छिन्नी त्यांच्या हातात दिली. सांधा दोन बोटं खोल उकरायचा, विटांच्या आतल्या कडा घासून कोऱ्या करायच्या, औषध शिरलंय तेवढा भाग काढायचा, म्हणजे मसाला धरेल. मसाल्यात चिकटपणासाठी लागतं ते मिसळायचं. मग महिनाभर हात लावायचा नाही, पुरता वाळू द्यायचा; ओल्यात औषध शिरत नाही. त्यानंतर औषध.

"महिनाभर?" भावोजी म्हणाले. "मधल्या काळात मी काय करू?"

"खालच्या मजल्यावर डॉक्टरांच्या खिडकीपाशी पण केबलवाल्यांनी खिळे ठोकलेत," थेंबवाले म्हणाले. "मी कालच बघितलं."

"डॉक्टर मला दारात उभं करणार नाहीत."

"करतील," ताई म्हणाली. "मी बोलते त्यांच्याशी. आधी इथलं तर नीट होऊ दे."

भावोजींनी छिन्नी लावली आणि पहिला घाव घातला. त्यांनी एवढ्या निगुतीने भरलेला दर्जा एका घावात अखंड पट्टीसारखा सुटून आला. त्यांनी तो हातात घेऊन उन्हात धरला. कडा अगदी गुळगुळीत होत्या. विटेचा एक कणही त्याला लागला नव्हता.

"धरलंच नव्हतं की याने," ते म्हणाले, आणि पट्टी खाली ठेवून पुढच्या सांध्याकडे वळले.